प्रकल्प नोंदी: श्वाइनफुर्ट ते बर्लिन, मिनिटांचा आणि लिटरचा हिशेब

5 जानेवारी. व्याप्ती

दोन मोहिमा निवडल्या. पहिली 14 ऑक्टोबर 1943 ची, श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवरची. दुसरी 6 मार्च 1944 ची, बर्लिनवरची. दोन्ही दिवसाढवळ्याच्या, दोन्ही अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाच्या आणि दोन्हींत साधारण त्याच जातीचे बॉम्बर. पहिलीनंतर जर्मनीत खोलवर जाणे थांबवावे लागले. दुसरीत आकड्याने जास्त विमाने पडली, तरी दोन दिवसांनी ते परत बर्लिनवर गेले. हा फरक कुठून आला, ते नकाशा, दोरा आणि एका स्प्रेडशीटवर दोन बाजूंचा खेळ मांडून पाहायचे.

कोणाचे विमान सरस, बंदूक कोणाची मोठी, हे बाजूला ठेवले आहे. त्या वादातून हवाई वर्चस्वाबद्दल फारसे हाती लागत नाही. शीटमध्ये प्रत्येक विमानाला दोनच रकाने दिले आहेत, वेळ आणि इंधन.

8 जानेवारी. नकाशा आणि वेग

नकाशाची मोजपट्टी 1 सेंमी = 20 किमी. वेळेची पायरी 5 मिनिटांची.

बी-17 बॉम्बरचा थवा उंचीवर प्रत्यक्ष ताशी साधारण 340 किमी वेगाने जातो असे धरले, म्हणजे एका पायरीत 28 किमी. एकटे विमान याहून वेगाने जाऊ शकते. पण थव्यात सगळ्यात बाहेरच्या विमानालाही जागा धरून ठेवता आली पाहिजे, म्हणून वेग उतरवावा लागतो. सोबतच्या फायटरचा किफायतशीर वेग ताशी 480 किमी धरला. हा फरक लहान दिसतो, पण पुढे सगळे गणित त्यानेच बिघडवले. फायटरला बॉम्बरच्या वेगाने सरळ उडणे परवडत नाही. वेग कमी असताना हल्ला आला तर तो जागच्या जागी सापडतो. म्हणून तो नागमोडी उडतो: इंधन 480 च्या वेगाचे जाळतो आणि पुढे सरकतो 340 ने.

इंग्लंडच्या पूर्व भागातल्या तळांपासून बर्लिन साधारण 850 किमी. अंदाजासाठी सांगायचे तर मुंबई-नागपूर हवाई अंतर 700 किमीच्या आसपास आहे. त्याहून लांब जायचे, तिथे लढायचे आणि परत यायचे.

12 जानेवारी. रडारला काय आणि कधी दिसते

रडारची लाट जवळजवळ सरळ जाते, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईखाली असलेले विमान दिसत नाही. अंतराचे सूत्र शीटमध्ये असे टाकले. `B2` म्हणजे विमानाची उंची, `C2` म्हणजे अँटेनाची उंची, दोन्ही मीटरमध्ये. उत्तर किलोमीटरमध्ये येते.

```
=4.12*(SQRT(B2)+SQRT(C2))
```

नॉरिचच्या आसपास जमणारे बॉम्बर आणि हॉलंडचा किनारा यांत साधारण 210 किमी अंतर आहे. अँटेना 30 मीटर उंचीवर धरली तर ती स्वतःचे 22-23 किमी देते. उरलेल्या 187 किमीसाठी विमान सुमारे 2,100 मीटरवर असावे लागते. म्हणजे बॉम्बर इंग्लंडवर घिरट्या घालत, थवे बांधत चढत असतानाच, 2,100 मीटर ओलांडले की जर्मन किनाऱ्यावरच्या लांब पल्ल्याच्या वासरमान रडारच्या नजरेत येऊ शकतात. फ्राया रडारचा पल्ला साधारण 120 किमी होता, त्यामुळे ते नंतर उपयोगी पडते. वुर्झबुर्ग त्याहून आखूड पल्ल्याचे, पण उंची नेमकी सांगणारे. तोफांना दिशा देण्याचे काम त्याचेच.

भरलेले बी-17 थव्यात मिनिटाला साधारण 90 मीटर चढते असे धरले. 2,100 मीटरला 23 मिनिटे, 6,000 मीटरला 67 मिनिटे. म्हणजे दिसायला लागल्यापासून थवे पूर्ण उंचीला पोचेपर्यंत 44 मिनिटे आणि समुद्र ओलांडायला आणखी 37. एकूण 81 मिनिटांची पूर्वसूचना.

1940 मध्ये ब्रिटिश रडारला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या हल्ल्याची जेमतेम 15-20 मिनिटे मिळत, त्यावरच ती लढाई उभी होती. इथे जर्मनांना त्याच्या चौपट वेळ. शिवाय त्यांची रेडिओ ऐकणारी पथके सकाळी बॉम्बरचे रेडिओ तपासले जात असतानाचे आवाज पकडत, त्यामुळे आज काहीतरी येणार हे रडारच्याही आधी कळे. एवढी सूचना मिळूनही 1944 मध्ये हवाई वर्चस्व गेले कसे, हा प्रकल्पाचा खरा प्रश्न या नोंदीपासून सुरू झाला.

15 जानेवारी. पहिली चाल फसली

पहिल्या फेरीत जर्मन बाजूने साधा नियम लावला होता: रडारला दिसले की सगळी फायटर वर. निकाल हास्यास्पद आला. बॉम्बर जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या आखेनपाशी पोचेपर्यंत निम्मी जर्मन विमाने इंधन संपून खाली उतरलेली.

चूक अशी होती. दिसल्यापासून किनारा 81 मिनिटे, किनाऱ्यापासून आखेन साधारण 200 किमी म्हणजे आणखी 35. एकूण 116 मिनिटे. मेसरश्मिट 109 च्या आतल्या टाकीत 400 लिटर इंधन. 300 लिटरची जादा टाकी लावली तरी चढाई आणि घिरट्या धरून शंभर मिनिटांच्या पुढे हवेत राहून वर लढायची अपेक्षा ठेवता येत नाही, असे आम्ही धरले.

म्हणून गणित उलटे केले. 7,000 मीटरवर चढायला गटाने 15 मिनिटे, वेगवेगळ्या तळांवरच्या तुकड्या एका जागी गोळा व्हायला 30, हल्ल्याच्या जागी जायला 5. एकूण 50. तेव्हा उड्डाण 66 व्या मिनिटाला करायचे, बॉम्बर किनाऱ्यापासून अजून 15 मिनिटे दूर असताना. पण नेमके त्या क्षणी लक्ष्य कोणते ते ठाऊक नसते. समुद्रावरचा थवा तिथून हांबुर्गकडे, रुरकडे किंवा दक्षिणेकडे कुठेही वळू शकतो. त्यात एक लहान थवा उत्तर समुद्रावर मुद्दाम हूल द्यायला पाठवलेला असू शकतो. 14 ऑक्टोबरला बी-24 विमानांना थवा बांधायला जमले नाही, तेव्हा त्यांतली 29 अशा हुलकावणीलाच वापरली होती.

जर्मन नियंत्रकाची खरी अडचण ही. त्याला दिसते लवकर, पण ठरवावे लागते अंदाजाने. लवकर उडवले तर इंधन जाते, उशिरा उडवले तर तुकड्या एकत्र होत नाहीत आणि सुट्या सुट्या भिडतात. शीटमध्ये आता «उड्डाणाचा आदेश» हा वेगळा रकाना आहे आणि तो खेळणाऱ्याने भरायचा. सूत्राने भरायचा नाही.

19 जानेवारी. पी-47 आखेनलाच का वळले

इथे सर्वात जास्त वेळ गेला, कारण छापील आकडे आणि प्रत्यक्ष जुळत नव्हते. पी-47 थंडरबोल्टला 75 गॅलनची टाकी पोटाखाली लावली तर लढाईचा पल्ला 340 मैल, म्हणजे 550 किमी असे दिलेले असते. पूर्व इंग्लंडमधल्या तळांपासून आखेन 360 ते 430 किमी. मग 120 किमी शिल्लक असताना वळले का?

लिटरमध्ये हिशेब मांडला. आतले इंधन 1,155 लिटर, बाहेरची टाकी 284. किफायतशीर वेगाने खप ताशी 375 लिटर, लढाईत पूर्ण शक्तीवर मिनिटाला 17. खपाचे आकडे आमचे गृहीत आहेत, पण वास्तवाच्या आसपासचे. टेक-ऑफ आणि चढाईला 150 लिटर धरून ते बाहेरच्या टाकीच्या खात्यात टाकले. उरलेल्या 134 लिटरवर विमान 170 किमी जाते, चढताना 40 झालेच आहेत. म्हणजे 210 किमीवर टाकी रिकामी, टाकून दिली.

आता आतल्या 1,155 मधून 15 मिनिटांच्या लढाईचे 260 आणि उतरण्याआधीच्या राखीवाचे 150 वजा केले. राहिले 745. सरळ जाऊन सरळ यायचे तर पल्ला 580 किमी निघतो, छापील आकड्याच्या जवळ. इथपर्यंत ठीक.

मग बॉम्बरची सोबत धरली. नागमोडी उडताना पुढच्या दर किलोमीटरला 0.78 ऐवजी 1.10 लिटर लागतात. पल्ला उतरून 520 वर आला. नंतर असे धरले की किनाऱ्याआधीच शत्रूची चार विमाने दिसली आणि बाहेरची टाकी 100 किमीवरच सोडावी लागली. टाकी लटकत असताना पी-47 जड आणि आळशी होते, तसे लढता येत नाही. पल्ला 473. शेवटी भेटीच्या जागी बॉम्बर पंधरा मिनिटे उशिरा आले असे धरले, जे ढगाळ दिवशी नेहमीचेच. त्या घिरट्यांत 94 लिटर गेले. पल्ला 423.

423 किमी म्हणजे आखेन. कागदावरच्या 550 मधून सव्वाशे किलोमीटर खाल्ले ते तीन किरकोळ गोष्टींनी, आणि त्यांतल्या दोन तर शत्रूने एकही गोळी न झाडता झाल्या.

मधली पायरी जर्मन बाजूच्या खेळाडूला लगेच कळली: किनाऱ्यावर थोडी विमाने दाखवून टाक्या सोडायला लावायच्या. ही चाल स्वस्त आणि परिणामकारक आहे. पण प्रत्यक्षात जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचा आग्रह एस्कॉर्टला, म्हणजे सोबतच्या फायटरना, टाळून बॉम्बरवरच तुटून पडण्याचा होता. फायटर दलाचा प्रमुख गॅलंड याला ते पटत नव्हते. आमच्या मते चूक गोअरिंगचीच; टाक्या पाडणे ही त्या वर्षातली सर्वात मोठी वाया घालवलेली संधी.

24 जानेवारी. 14 ऑक्टोबर 1943, पूर्ण फेरी

निघालेली बी-17 सुमारे 291. लक्ष्यावर पोचलेली सुमारे 230. शत्रूच्या हद्दीत गमावलेली 60.

आखेन ते श्वाइनफुर्ट सरळ रेषेत 306 किमी. बॉम्बरच्या वेगाने 54 मिनिटे. जाऊन-येऊन किमान पावणेदोन तास एकाही सोबतीशिवाय, आणि प्रत्यक्ष मार्ग वाकडा असल्याने त्याहून जास्त. एवढ्या वेळात जर्मन फायटर एकदा भिडून, खाली उतरून, इंधन-दारूगोळा भरून परत वर येऊ शकते. शीटमध्ये उतरून पुन्हा उडायला 40 मिनिटे धरली तेव्हा जवळजवळ प्रत्येक तुकडीला दोन फेऱ्या मिळाल्या. म्हणजे तीनशे फायटर असली तर बॉम्बरच्या वाट्याला सहाशे येतात.

बॉम्बरचा बचाव एकत्र राहण्यावर उभा होता. 18 ते 21 विमाने वरखाली, मागेपुढे अशी रचायची की एकाच्या आंधळ्या बाजूवर दुसऱ्याच्या बंदुका असतील. जर्मनांनी ती रचना दोन टप्प्यांत फोडली. आधी दोन इंजिनांची जड विमाने मागून यायची आणि बॉम्बरच्या बंदुकांच्या पल्ल्याबाहेर राहून 21 सेंमीचे रॉकेट सोडायची. मेसरश्मिट 110 च्या पंखांखाली अशा चार नळ्या. रॉकेटचा नेम वाईटच, पण त्याचा स्फोटक भाग 40 किलोचा आणि तो ठरलेल्या वेळी हवेतच फुटायचा, त्यामुळे थव्यात कुठेतरी फुटला तरी काम झाले. विमाने पांगायची. मग एक इंजिनाची फायटर पांगलेल्यांवर, शक्यतो समोरून, जिथे बी-17 च्या बंदुका सर्वात कमी.

लक्षात घ्यायची बाब अशी की ही पद्धत फक्त एस्कॉर्ट नसतानाच चालते. चार नळ्या लटकवलेले 110 एखाद्या सिंगल इंजिन फायटरसमोर उभे राहू शकत नाही. त्याला हळू, सरळ आणि मागेच उडावे लागते.

परतीच्या वेळी इंग्लंडवर धुके होते, त्यामुळे घ्यायला यायची फायटर उडालीच नाहीत. शीटमध्ये हवामानाचा रकाना नव्हता, तो या नोंदीनंतर घातला.

एक इशारा, आकडे भरणाऱ्यांसाठी. त्या दिवशी अमेरिकन बंदूकधाऱ्यांनी 186 जर्मन विमाने पाडल्याचा दावा केला. प्रत्यक्ष जर्मन नुकसान 40 च्या आसपास होते. कोणी खोटे बोलत होते असे नाही. एका विमानावर दहा जण झाडतात आणि ते पडले की दहाही जणांना आपणच पाडले असे वाटते. त्यातच पूर्ण शक्तीने सूर मारणारे 109 मागे काळा धूर सोडते, तो वरून पेटल्यासारखा दिसतो. शीटमध्ये शत्रूचे नुकसान शत्रूच्याच नोंदीवरून भरायचे.

27 जानेवारी. जॅमिंग, थोडक्यात

एक शंका पुढे आली: जुलै 1943 मध्ये हांबुर्गवर पहिल्यांदा टाकलेल्या धातूच्या पट्ट्यांनी जर्मन रडार आंधळी झाली होती, मग ही पूर्वसूचना टिकली कशी? उत्तर लांबीत आहे. पट्टी सुमारे 27 सेंमीची, वुर्झबुर्गच्या 53 सेंमी लाटेच्या निम्मी. त्या लाटेला ती मोठा प्रतिध्वनी देते. फ्रायाची लाट 2.4 मीटरची, तिच्यावर या पट्टीचा परिणाम नगण्य. म्हणून विमानविरोधी तोफा आणि रात्रीची फायटर गोंधळली, पण दूरचे डोळे शाबूत राहिले. फ्रायासाठी मॅन्ड्रेल हा वेगळा जॅमर लागला. दिवसा तर बॉम्बरचे पांढरे बाष्पाचे पट्टे मैलोगणती दिसत, तिथे जॅमिंगने लपणे शक्यच नव्हते. शीटमध्ये पट्ट्यांचा परिणाम फक्त तोफांच्या रकान्यात ठेवला.

1 फेब्रुवारी. पी-51 च्या टाक्या, कोणत्या क्रमाने

पी-51 मस्टँगच्या पंखांत प्रत्येकी 92 गॅलन, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 700 लिटर. वैमानिकाच्या पाठीमागे धडात 85 गॅलनची टाकी, 320 लिटर. पंखांखाली 75 गॅलनच्या दोन जादा टाक्या, 570 लिटर.

धडातली टाकी नंतर घातलेली आणि तीच डोकेदुखी. ती भरलेली असताना विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. वळण घेताना दांडी सैल पडते, वळण आपोआप आवळत जाते आणि विमान गरकन फिरते. अशा स्थितीत लढणे म्हणजे आत्मघात. म्हणून क्रम असा: टेक-ऑफ पंखातल्या टाकीवर, लगेच धडातली टाकी 110-115 लिटर उरेपर्यंत जाळायची, मग बाहेरच्या टाक्या. बाहेरचे इंधन सोडून देता येते म्हणून ते आधी संपवावे असे सुचते, पण तसे केले आणि मध्येच हल्ला आला तर टाक्या पडतात आणि मागची भरलेली राहते.

उंचीवर दुसरी अडचण. 6,000 मीटरच्या पुढे हवेचा दाब इतका कमी होतो की बाहेरच्या टाकीतून इंधन ओढले जात नाही. उपाय साधा निघाला: इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपातून बाहेर फेकली जाणारी हवा नळीने टाकीत सोडून तिथे दाब टिकवायचा. ब्रिटनमध्ये तर 108 गॅलनच्या टाक्या डिंकाने चिकटवलेल्या जाड कागदाच्या बनवल्या जात. त्या काही तासच पेट्रोल धरून ठेवत, म्हणून उड्डाणाच्या तोंडावरच भरायच्या. टाकून दिल्यावर शत्रूला भंगारही मिळत नसे.

आता हिशेब. लक्ष्यापाशी आत 700 + 110 = 810 लिटर. 15 मिनिटांच्या लढाईचे मिनिटाला 8 प्रमाणे 120, राखीव 100. उरले 590. ताशी 230 लिटर खपाने अडीच तास, म्हणजे परतीला 1,200 किमी. बर्लिन 850. पी-47 च्या तीन «किरकोळ» गोष्टींतल्या नागमोडी उड्डाण आणि बॉम्बरचा उशीर या दोन इथेही लावून पाहिल्या, तरी बर्लिन सुटत नाही.

फरक इंजिनाच्या खपात आहे. पी-47 ताशी 375 जाळते तिथे हे 230. टाकी दोघांनाही लावता येते. पण बाहेरची टाकी फक्त जाण्याचा खर्च भागवते, परतीचा आतल्या टाकीवरच असतो.

6 फेब्रुवारी. 6 मार्च 1944, पहिली फेरी

निघालेले बॉम्बर 730. फायटर 801: पी-47 615, मस्टँग 100, पी-38 86. आकडा बघून वाटते की प्रत्येक बॉम्बरला एक पहारेकरी. शीटने हा भ्रम दूर केला.

बॉम्बरची रांग साधारण 150 किमी लांब. पहिला शत्रूच्या हद्दीत शिरल्यापासून शेवटचा बाहेर पडेपर्यंत सुमारे 245 मिनिटे. पी-47 ची तुकडी रांगेसोबत 35 मिनिटे राहू शकते, पी-38 ची 50, मस्टँगची 60 असे धरले. मग एका क्षणी सरासरी सोबत किती? पी-47 ची 88, मस्टँगची 24, पी-38 ची 17-18. एकूण 130. दीडशे किलोमीटरच्या रांगेला 130. बाकी सगळी येत तरी आहेत किंवा परत तरी जात आहेत.

जर्मन नियंत्रकाने शंभर फायटर एकाच जागी आणली तर त्या जागी तो बलवान. त्या दिवशी तसेच झाले. शंभराहून अधिक जर्मन विमाने हासेल्यूनेजवळ रांगेच्या अशा भागावर आदळली जिथे एस्कॉर्ट विरळ होता. शंभराव्या बॉम्ब गटाची एकट्याची 15 विमाने त्या दिवशी गेली. एकूण 69 बॉम्बर गमावले.

म्हणजे रडार आणि एकवटलेला हल्ला हे जर्मन तंत्र मार्च 1944 मध्येही चालत होते. फक्त टक्केवारी बघा: ऑक्टोबरात 20.6, इथे 9.5. आणि जर्मनांची साठाच्या वर फायटर त्या दिवशी गेली.

10 फेब्रुवारी. नियम बदलला आणि फेरी उलटली

सुधारित फेरीत एस्कॉर्टचा नियम बदलून पाहिला. जानेवारी 1944 मध्ये आठव्या हवाई दलाची सूत्रे घेतल्यावर जिमी डूलिटलने फायटरना मोकळीक दिली: बॉम्बरला चिकटून राहू नका, जर्मन फायटर शोधा, पाठलाग करा, परतताना त्यांच्या धावपट्ट्यांवर खाली उतरून गोळीबार करा. बॉम्बरवाल्यांना हे अजिबात आवडले नाही, आणि त्यांच्या जागी असते तर कोणालाही आवडले नसते.

15 जानेवारीच्या नोंदीत जर्मन तुकड्या गोळा व्हायला 30 मिनिटे धरली होती. तो अर्धा तास आता त्यांच्या अंगावर उलटला. मोठा जमाव करायचा तर ठरावीक जागी, ठरावीक उंचीवर घिरट्या घालाव्या लागतात. बॉम्बरच्या 60-80 किमी पुढे निघालेली मस्टँगची तुकडी अशा घोळक्यावर आली तर तो हल्ला होण्याआधीच मोडतो. नियंत्रकाचे रेडिओवरचे बोलणे ब्रिटनची वाय सर्व्हिस ऐकतच होती. जमाव लहान ठेवावा तर बॉम्बरचा थवा फुटत नाही; मोठा करावा तर तोच सावज.

सर्वात आधी रॉकेटवाली दोन इंजिनांची विमाने बाद झाली. त्यांना वाचवायला 109 लागली, म्हणजे बॉम्बरवर जायची 109 कमी झाली. जमिनीवरचा गोळीबार शीटमध्ये वेगळा धरला, कारण त्यात दोन्ही बाजूंचे नुकसान होते. धावपट्टीभोवतीच्या हलक्या तोफा खाली आलेल्या फायटरला सोडत नाहीत, आणि मस्टँगच्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत एक गोळी पुरते. पण उतरून परत भरण्याची ती 40 मिनिटे आता सुरक्षित राहिली नाहीत. दुसरी फेरी जवळजवळ संपलीच.

15 फेब्रुवारी. जर्मन वर का आले?

चाचणी म्हणून बॉम्बर काढून टाकले आणि फक्त 800 फायटर पाठवली. जर्मन खेळाडूने रडारवर बघितले, वेगावरून ओळखले आणि कोणालाही उडवले नाही. शून्य नुकसान.

हे खोटे नाही. 1941 मध्ये ब्रिटिश फायटरनी फ्रान्सवर अशाच घिरट्या घातल्या, तेव्हा जर्मनांनी वाटेल तेव्हा त्यांच्याकडे दुर्लक्ष केले आणि सोयीच्या वेळी वरून झडप घातली. रडार असलेल्याला लढाई नाकारता येते. ती नाकारणे महाग करायचे काम बॉम्बरचे. विमान कारखाना, बर्लिन किंवा इंधनाचा कारखाना समोर असेल तर खाली बसून राहणे परवडत नाही. फेब्रुवारी 1944 च्या 20 ते 25 तारखेच्या हल्ल्यांत विमान कारखाने निवडले होते ते यासाठीही.

20 फेब्रुवारी. खरे खाते वैमानिकांचे

शीटमध्ये जर्मन बाजूला रोज नवी विमाने भरत होतो, त्यामुळे फेऱ्या संपतच नव्हत्या. प्रत्यक्षातही विमाने कमी पडली नाहीत. जर्मनीने 1944 मध्ये जवळजवळ 40,000 विमाने बनवली, कारखान्यांवर हल्ले होऊनही आदल्या वर्षापेक्षा कितीतरी अधिक. म्हणून विमानांचा रकाना खोडला आणि वैमानिकांचा घातला. निकाल लगेच बदलला.

जानेवारी ते मे 1944 या पाच महिन्यांत जर्मन फायटर दलाने एक इंजिनाच्या विमानांचे 2,262 वैमानिक गमावले. त्या काळात त्यांचे सरासरी संख्याबळ 2,283 होते. अख्खे दल पाच महिन्यांत एकदा पालटले. नव्याला शिकवायला इंधन लागते, आणि 12 मे 1944 पासून कृत्रिम इंधनाचे कारखाने लक्ष्य झाले. विमानाच्या पेट्रोलचे उत्पादन एप्रिलमध्ये महिन्याला सुमारे 1,75,000 टन होते, ते सप्टेंबरात 10,000 टनांच्या आसपास आले. प्रशिक्षणाचे तास कापले गेले. कच्चा वैमानिक ढगातून तुकडीसोबत नीट वर येऊ शकत नाही, म्हणजे जमाव बांधायला 30 ऐवजी 40-45 मिनिटे. पुन्हा तोच रकाना.

23 फेब्रुवारी. शीटची स्थिती

6 मार्चची फेरी तीनदा चालवली. पहिल्या दोन फेऱ्यांत 61 आणि 74 बॉम्बर पडले, प्रत्यक्ष 69 च्या दोन्ही बाजूंना. तिसऱ्यात जर्मन खेळाडूने किनाऱ्यावर दहा विमाने दाखवून दोन पी-47 तुकड्यांच्या टाक्या सोडायला लावल्या. आकडा 90 वर गेला.

बाकी काम: रांग दोन भागांत तुटली तर एस्कॉर्ट कोणत्या भागासोबत जातो, याचा नियम अजून लिहिलेला नाही. 20 लिटरच्या आत इंधन उरलेले विमान समुद्रावर असेल तर सध्या शीट त्याला सुखरूप उतरवते, ते दुरुस्त करायचे आहे.